गेमबॉयच्या जुन्या कॅसेटींचा बॅकअप घ्यायचाय, पण कायद्यात बसतं का?

निनाद_ठाणे

मंडळी, माझ्याकडे गेमबॉयच्या दोन कॅसेटी आहेत. एक पोकेमॉन यलो, काकांनी अमेरिकेहून येताना आणलेली, आणि दुसरी पोकेमॉन एमराल्ड, ती नंतर इथेच सेकंडहँड घेतली. शिवाय टीव्हीला जोडायच्या त्या व्हिडिओ गेमच्या ६४ इन १ वाल्या कॅसेटी आहेतच, त्या तर कुणाच्या घरी नव्हत्या? यलोमध्ये माझा शाळेतला सेव्ह अजून जिवंत आहे, एमराल्डमधला मात्र गेला, बॅटरी संपली असणार. म्हणून ठरवलं की हे सगळं लॅपटॉपवर उतरवून घ्यायचं आणि जमलं तर फोनवर एम्युलेटर टाकून खेळायचं. तर ऑफिसमधला एकजण म्हणतो हा गुन्हा आहे. मला कुठल्या साइटवरून काही घ्यायचं नाहीये, माझ्याच कॅसेटमधून काढायचंय. नक्की काय आहे कायदा?

गब्बरखान

अरे कसला गुन्हा, पैसे मोजलेत ना काकांनी? आणि कॅसेटमधून काढायची खटपट तरी कशाला, सरळ डाऊनलोड कर, फाईल सेम टू सेम असते. ओरिजनल ज्याच्याकडे आहे त्याला चालतं, आणि ज्याच्याकडे नाही त्याने २४ तासात डिलीट केलं की तेही चालतं. अमेरिकेत तर बॅकअपचा हक्क कायद्यातच लिहिलाय.

बावनकशी

गब्बर, शेवटचं वाक्य अर्धं बरोबर आहे, बाकीचं नाही. ते २४ तासांचं कुठल्याही देशाच्या कायद्यात नाहीये, रॉम म्हणजे गेमच्या फाईली वाटणाऱ्या साइट्सनी स्वतःच्या बचावाला ते पानाच्या तळाशी लिहायला सुरुवात केली आणि लोकांनी ते खरं मानलं.

निनाद, आपल्याकडे बघायचं ते १९५७ च्या कॉपीराइट ॲक्टमधलं कलम ५२. काय केलं तर उल्लंघन धरत नाहीत त्याची ती यादी आहे आणि त्यात संगणक प्रोग्रामसाठी वेगळी पोटकलमं आहेत. ५२(१)(एए) म्हणतं की ज्याच्याकडे प्रोग्रामची प्रत कायदेशीरपणे आहे तो त्याच प्रतीवरून बॅकअप काढू शकतो, पण निव्वळ तात्पुरतं संरक्षण म्हणून, हरवणं खराब होणं यापासून, आणि प्रोग्राम ज्या कामासाठी दिला होता त्याच कामासाठी वापरायला. यातला "त्याच प्रतीवरून" हा भाग लोक वाचतच नाहीत. तुझ्या कॅसेटवरून तू काढलेली फाईल आणि तिसऱ्याच माणसाने त्याच्या कॅसेटवरून काढून साइटवर टाकलेली फाईल, दोन्हीतला बाइट न् बाइट जुळला तरी कायद्याच्या दृष्टीने दुसरी फाईल तुझ्या प्रतीवरून झालेली नाही. त्यामुळे डाऊनलोडला हे पोटकलम लागूच होत नाही.

दुसरं आहे (एडी), ते १९९९ च्या दुरुस्तीत आलं. स्वतः कायदेशीरपणे मिळवलेल्या प्रतीवरून वैयक्तिक, बिगर व्यापारी वापरासाठी प्रत काढता येते. हे (एए) पेक्षा बरंच मोकळं आहे, तात्पुरतं वगैरे अट नाही. तुझी यलो मला तरी यात नीट बसताना दिसते. पण गेम म्हणजे नुसता प्रोग्राम नाही, तिथून खरी गुंतागुंत सुरू होते, त्यावर रात्री लिहिते.

मंदाकाकू

निनाद, चांगला विषय काढलास. माझ्याकडे नाट्यसंगीताच्या पंचवीस-तीस कॅसेटी आहेत, काही टेप चिकटायला लागल्यात. त्या कंप्युटरवर घ्यायच्या म्हणजे हाच कायदा का? दुकानवाला करून देतो म्हणतो पण हे वाचून भीती वाटायला लागली.

निनाद_ठाणे

काकू, इथे गेमच्या कॅसेटींबद्दल चाललंय, म्हणजे प्लॅस्टिकच्या डबीत चिप असते त्या, टेपवाल्या नाहीत. 😅

बावनकशी

काकूंचा प्रश्न चुकून आला असला तरी मला जे लिहायचं होतं त्याच्या कामाचा आहे. काकू, गाण्यांसाठी वेगळा दरवाजा आहे, ५२(१)(ए). खाजगी वापरासाठी योग्य मर्यादेत केलेली नक्कल त्यात बसू शकते, म्हणजे स्वतःच्या कॅसेटी स्वतःला ऐकायला उतरवून घेतल्या तर मी झोप उडवून घेणार नाही. दुकानदार पैसे घेऊन करून देतो ते थोडं वेगळं, त्याच्या बाजूने तो धंदा होतो.

आता गंमत बघा. हा जो खाजगी वापराचा दरवाजा आहे त्यावर स्पष्ट पाटी आहे की संगणक प्रोग्राम सोडून बाकी कुठलीही कृती. आणि (एए), (एडी) या दरवाजांवर पाटी आहे की फक्त संगणक प्रोग्राम. पोकेमॉन यलोच्या चिपमध्ये दोन्ही आहे, कोड आहे तसंच पिकाचूची चित्रं आणि संगीतही आहे. मग ती कुठल्या दरवाजाने जायची? युक्तिवाद असा उभा राहतो की कोड (एडी) मधून नेला आणि चित्रं-संगीत (ए) मधून, म्हणजे सगळीच कॅसेट बाहेर पडली. मला तो पटतो. पण युक्तिवाद म्हणजे निकाल नव्हे. युरोपियन न्यायालयाने २०१४ मध्ये निन्टेन्डो विरुद्ध पीसी बॉक्स खटल्यात म्हटलंच आहे की व्हिडिओ गेम नुसता प्रोग्राम नसतो, चित्र-ध्वनीची स्वतःची निर्मिती त्यात असते आणि तिला संरक्षण वेगळं मिळतं. ते आपल्यावर बंधनकारक नाही, पण समोरचा वकील ते वाचून दाखवणारच.

तर्कट

(एए) मध्ये "ज्या कामासाठी दिला होता त्याच कामासाठी" असं आहे ना, मग ती कॅसेट गेमबॉयवर खेळायला दिली होती, सॅमसंगच्या फोनवर नाही. एम्युलेटर तिथेच मेला की.

बावनकशी

काम म्हणजे गेम खेळणं असं मी वाचते, अमुक यंत्रावर खेळणं असं नाही. पण तुमचं वाचन चूक आहे असं छातीठोक म्हणता येणार नाही, म्हणून तर मी (एडी) वर जास्त भिस्त ठेवते, त्यात हे शब्द नाहीत.

तर्कट

म्हणजे ठाम काहीच नाही.

बावनकशी

यलो खेळणाऱ्या निनादवर कुणी खटला भरेपर्यंत नाही. 🙂

न्यूजर्सीचा_पक्या

गब्बरने अमेरिकेचं काढलं म्हणून लिहितो. इथल्या कायद्यात कलम ११७ आहे, प्रोग्रामच्या प्रतीचा जो मालक आहे तो अर्काइव्हल कॉपी ठेवू शकतो, आणि मूळ प्रत विकली की ती कॉपी एकतर सोबत द्यायची किंवा नष्ट करायची. वाचताना वाटतं झालं की काम. पण १९८३ मध्ये शिकागोच्या फेडरल कोर्टात नेमका कॅसेटींचाच खटला झाला, अटारी विरुद्ध जेएस अँड ए. ही मेल ऑर्डरवाली कंपनी प्रॉम ब्लास्टर नावाचं यंत्र विकायची, त्यात एका बाजूला अटारी २६०० ची कॅसेट घालायची, दुसऱ्या बाजूला कोरी, आणि कॉपी तयार. कंपनी म्हणाली गिऱ्हाईक बॅकअप घेतंय, कलम ११७ आहे. कोर्ट म्हणालं बॅकअपची सवलत कशासाठी आहे, तर यांत्रिक किंवा विजेच्या बिघाडाने प्रोग्राम पुसला जातो त्यासाठी. फ्लॉपी तशी पुसली जाते, रॉम कॅसेट पुसली जात नाही. मग कसला बॅकअप? यंत्र विकायला मनाई झाली.

१९८८ ला पाचव्या सर्किटच्या अपील कोर्टाने व्हॉल्ट विरुद्ध क्वेड मध्ये कलम ११७ जास्त सैल वाचलं, पण तो खटला फ्लॉपीवरच्या प्रोग्रामचा होता. त्यामुळे कॅसेटबद्दल विचाराल तर इथले वकील अजून खांदे उडवतात. एम्युलेटर मात्र स्वतः बेकायदा नाही, सोनी विरुद्ध कनेक्टिक्स, २०००, नवव्या सर्किटचा निकाल आहे.

सोल्डरवाला

पक्याचं वाचून हसू आलं कारण कोर्ट तांत्रिकदृष्ट्या तसं बरोबरच होतं. कारखान्यात छापलेला मास्क रॉम लवकर मरत नाही. मरते ती बॅटरी, आणि बॅटरीवर गेम नसतो, बॅटरीवर फक्त तुझा सेव्ह असतो. यलोमध्ये गेम १ एमबीचा आहे आणि सेव्हची रॅम ३२ केबी, ती एका सेलवर जिवंत राहते. सेल संपला की सेव्ह गेला, गेम नव्याने सुरू करायला तयारच. गोल्ड-सिल्व्हरमध्ये सेलवर घड्याळही चालतं म्हणून ते आधी मरतात, तुझा यलो टिकलाय त्याचं हेच कारण. त्यामुळे निनाद, कायद्याचं ठरेल तेव्हा ठरेल, सेव्ह आज काढून घे.

कसं करायचं ते सांगतो. कार्ट्रिज रीडर लागतो, मी जीबीएक्सकार्ट वापरतो आणि लॅपटॉपवर फ्लॅशजीबीएक्स. आधी कॅसेटचे पितळी दात आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कानकाडीने साफ कर आणि पूर्ण वाळू दे. रीडरवर व्होल्टेजचं बटण असेल तर यलोला ५ व्होल्ट, एमराल्डला ३.३, हे उलटं करू नकोस, एमराल्डसारख्या गेमबॉय ॲडव्हान्सच्या कॅसेटला ५ दिले तर ती जळू शकते. पहिलं काम हेडर वाचणं, नाव नीट दिसलं पाहिजे. मग सेव्ह काढ. मग गेम, आणि गेम दोनदा काढ.

रीडर आत काय करतो तेही बघ, कारण कायद्याशी त्याचा संबंध आहे. गेमबॉयला एका वेळी गेमचा थोडाच भाग दिसतो म्हणून कॅसेटमधली एक चिप १६ केबीचे कप्पे पुढे सरकवते. रीडर त्या चिपला म्हणतो कप्पा १ दाखव, वाचतो, कप्पा २ दाखव, वाचतो, असे यलोचे ६४ कप्पे. गेमबॉय स्वतः हेच करतो. यात कुठे कुलूप नाही, एन्क्रिप्शन नाही, काही तोडावं लागत नाही.

दोनदा काढलेल्या फाईलींचा हॅश, म्हणजे फाईलीवरून निघणारा ठसा, बघ:

```
sha1sum yellow1.gb yellow2.gb
```

दोन्ही हॅश वेगळे आले तर दात घाण आहेत किंवा कॅसेट नीट बसली नाही, परत साफ कर. दोन्ही सारखे आले आणि ओरिजनल कॅसेटींच्या हॅशची नोंद ठेवणाऱ्या नो-इंट्रोच्या यादीशी जुळले तर झालं. दोन्ही सारखे आहेत पण यादीशी जुळत नाहीत, तर एकतर ती वेगळी आवृत्ती आहे किंवा कॅसेटच नकली आहे.

आणि नकली म्हणालो ते उगाच नाही. ओरिजनल एमराल्डचा सेव्ह बॅटरीवर नसतो, फ्लॅश चिपवर असतो. सेल संपला तर सुरुवातीला सूचना येते की आतली बॅटरी संपली, गेम खेळता येईल पण घड्याळावर अवलंबून असलेल्या गोष्टी होणार नाहीत. सेव्ह शाबूत राहतो. तुझा सेव्ह गेलाय म्हणतोस, मला डाळीत काळं दिसतंय.

निनाद_ठाणे

😳 तशी सूचना कधीच आली नव्हती. रीडर मिळवतो आणि सांगतो.

गब्बरखान

कुलूप नाही म्हणजे कायदा नाही, माझंच खरं ना मग?

बावनकशी

कुलूप नाही म्हणजे एक कलम कमी, एवढंच. सोल्डरवाल्यांनी जे सांगितलं ते ६५ए साठी महत्त्वाचं. २०१२ च्या दुरुस्तीत हे आलं, तांत्रिक संरक्षण तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. पण आपल्या कलमात "उल्लंघन करण्याच्या हेतूने" तोडलं पाहिजे असं आहे. अमेरिकेच्या १९९८ च्या डीएमसीए या कॉपीराइट कायद्यात मुळात हेतू विचारतच नाहीत, एखादी सूट आधी मिळाली असेल तरच सुटका. यलोत कुलूपच नाही म्हणून हा प्रश्न येत नाही. तीच गोष्ट निन्टेन्डोच्या स्विच कन्सोलच्या गेमची केलीस तर एन्क्रिप्शनच्या चाव्या काढाव्या लागतात, आणि २०२४ मध्ये निन्टेन्डोने युझू एम्युलेटरच्या मागे असलेल्या ट्रॉपिक हेझवर जो दावा लावला तो याच मुद्द्यावर. २४ लाख डॉलर भरून त्यांनी तडजोड केली, त्यामुळे त्यावरही निकाल असा झालाच नाही.

तर्कट

उसनी घेतलेली कॅसेट? आपल्या कायद्यात मालक नाही, कायदेशीर ताबा म्हणताय ना.

बावनकशी

चांगला खोच आहे. अमेरिकेत "मालक" आहे, आपल्या (एए) मध्ये ताबा. मित्राने आनंदाने दिलेली कॅसेट कायदेशीर ताब्यात आहे असं म्हणता येईल, पण ती परत केल्यावर बॅकअप कशाचं संरक्षण करतोय? तिथे मला उत्तर सुचत नाही, आणि मी अशिलाला हे करू नको म्हणूनच सांगेन.

पणजीचा_ग्रंथपाल

मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात आहे, व्यक्तीचं झालं, संस्थेचं काय? आमच्याकडे एका माजी विद्यार्थ्याने जुन्या गेमच्या कॅसेटी आणि सीडी दिल्यात, जपायच्या म्हणून.

बावनकशी

तुमची अडचण जास्त वाईट आहे. ५२(१)(एन) ग्रंथालयांना जतनासाठी इलेक्ट्रॉनिक साठवण करू देतं, पण बिगर व्यापारी सार्वजनिक ग्रंथालय असावं लागतं आणि त्याच्याकडे त्या कृतीची "नॉन-डिजिटल" प्रत आधीच असली पाहिजे. पुस्तक स्कॅन करण्यासाठी लिहिलेलं कलम आहे ते. कॅसेट पहिल्यापासून डिजिटलच, म्हणजे जे जपायला सगळ्यात घाई आहे तेच त्यातून वगळलं जातं. कॉलेजचं ग्रंथालय सार्वजनिक धरायचं का हा आणखी वेगळा वाद.

न्यूजर्सीचा_पक्या

इथेही फार बरं नाही. व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशनने २०२३ मध्ये अभ्यास केला, अमेरिकेत निघालेल्या जुन्या गेमपैकी ८७ टक्के आज कुठेही विकत मिळत नाहीत. त्यांनी आणि सॉफ्टवेअर जतन करणाऱ्या संस्थांनी मागितलं की ग्रंथालयांनी जपलेले गेम संशोधकांना घरबसल्या बघता यावेत, ऑक्टोबर २०२४ मध्ये ते नाकारलं गेलं. गेम उद्योगाचं म्हणणं होतं की संशोधनाच्या नावाखाली लोक फुकट खेळतील. मला दोन्ही बाजू कळतात, पण जो गेम विकतच नाही त्याचा बाजार कसा बुडणार हे मात्र कळत नाही.

पणजीचा_ग्रंथपाल

म्हणजे कपाटात ठेवायच्या आणि वाट बघायची. बरं.

निनाद_ठाणे

अपडेट देतो. रीडर मित्राकडे मिळाला. यलोचा सेव्ह निघाला!! गेमच्या पहिल्या दोन डंपचे हॅश वेगळे आले, सोल्डरवाला म्हणाले तसं परत साफ केलं, मग दोन्ही सारखे आणि यादीशीही जुळले. एमराल्डचे दोन्ही हॅश सारखे आले पण यादीत कुठेच नाहीत. हेडरमध्ये कोड BPEE दिसतो, अमेरिकन एमराल्डचा, पण मागचा स्क्रू काढून बघितलं तर बोर्डवर निन्टेन्डोचं नाव नाही, एक काळा गोळा आहे आणि शेजारी सेल.

सोल्डरवाला

नकली. त्या लोकांनी ओरिजनल गेममधला सेव्हचा भाग बदलून स्वस्त रॅम आणि सेलवर चालेल असा केलेला असतो, म्हणून सेव्ह गेला आणि म्हणूनच हॅश जुळत नाही. काळा गोळा म्हणजे चिप थेट बोर्डवर चिकटवून वर इपॉक्सी ओतलेलं. तुझ्या ६४ इन १ पण उघडून बघ, आत तेच दिसेल.

निनाद_ठाणे

मग आता कायद्याचं काय, मी तर पूर्ण पैसे दिले होते ओरिजनल समजून.

बावनकशी

विकणाऱ्याने तुला फसवलं हे खरं, पण त्याने प्रत कायदेशीर होत नाही. ती मुळात उल्लंघन करणारी प्रत आहे, त्यामुळे (एए) चा कायदेशीर ताबा नाही आणि (एडी) ची "कायदेशीरपणे मिळवलेली प्रत" नाही. वर ६३बी आहे, उल्लंघन करणारी प्रत आहे हे माहीत असून संगणकावर वापरली तर गुन्हा. कालपर्यंत तुला माहीत नव्हतं, आज आहे. धंद्यासाठी वापर नसेल तर कोर्ट कैद न देता फक्त दंड करू शकतं, पण मी तुझ्या जागी असते तर एमराल्डचा डंप लॅपटॉपवर ठेवला नसता. ६४ इन १ चं तर आपल्या सगळ्यांचंच बालपण या कलमात बसतं.

गब्बरखान

म्हणजे अख्ख्या महाराष्ट्राला आत टाका 😂 आमच्या गल्लीत ओरिजनल कॅसेट कुणी पाहिली तरी होती का? ९९९९ इन १ लिहिलेलं असायचं आणि दहा गेमच परत परत.

सोल्डरवाला

त्याच परत परतवाल्या कॅसेटी जतन करणाऱ्यांना हव्या आहेत रे. ओरिजनल यलो जगात हजारो जणांनी डंप करून ठेवलाय, तो हरवत नाही. पण इथे बाजारात आलेल्या ६४ इन १ मध्ये कप्पे सरकवणारी चिप कुठली, मेनू कुणी लिहिला, गेममधली नावं कशी बदलली, याची नोंद कुठेही नसते. रीडरलाही ती ओळखता येत नाही, प्रत्येक पत्ता हाताने तपासत बसावं लागतं. म्हणजे कायद्याने जी सगळ्यात कमी सुरक्षित तीच जपायला सगळ्यात निकडीची.

तर्कट

चोरीच्या मालाचं संग्रहालय. हेही मला पटत नाही, पण राहू दे.

निनाद_ठाणे

शेवटचा प्रश्न. यलोचा सेव्ह निघालाय, आता सेल बदलायला हरकत नाही ना?

सोल्डरवाला

सेव्हची फाईल दोन ठिकाणी ठेव, एम्युलेटरमध्ये उघडून तुझा पिकाचू दिसतो का बघ आणि मगच हात लाव, कारण जुना सेल सुटला की रॅम रिकामी. पत्र्याच्या पट्ट्या आधीच वेल्ड केलेला त्याच मापाचा सेल घे, साध्या सेलवर थेट सोल्डर करू नकोस, तापून फुटतो. अधिक-उणे बोर्डवर छापलेलं असतं. बसवलास की रीडरनेच सेव्ह परत लिही, कॅसेट गेमबॉयमध्ये चालवून बघ, मग बंद करून दुसऱ्या दिवशी परत लाव. तेव्हाही सेव्ह असला तर सांधा पक्का आहे. ६४ इन १ च्या बोर्डचे फोटो दोन्ही बाजूंनी टाक इथे.

बावनकशी

फोटो टाका. डंपची लिंक मात्र इथे टाकू नका, स्वतःसाठी काढलेली प्रत दुसऱ्याला दिली की (एडी) संपलं, मग कॅसेट यलो असो नाहीतर ६४ इन १.